स्ट्रेच असाइनमेंट स्वीकारताना: झेपेल एवढं नवं, आणि सोबत कोण?

तुम्ही लेखा विभागात सहा वर्षं पुरवठादारांची बिलं तपासताय. कुठलं बिल का अडकलं, हे फाईल न उघडता सांगू शकता. एक दिवस मॅडम बोलावतात आणि विचारतात, "बिलं मंजूर करायची नवी प्रणाली आणायची आहे. खरेदी, गोदाम आणि लेखा असे तीन विभाग, चार महिन्यांची मुदत. तुम्ही सांभाळाल का?"

ऑफिसच्या भाषेत ही स्ट्रेच असाइनमेंट. आजवरच्या अनुभवाला धरून, पण त्याच्या पलीकडे जाणारं काम. अशा वेळी बहुतेक जण एकाच प्रश्नावर अडतात: मला जमेल का? माझ्या मते हा प्रश्न तयारीच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, कारण त्याचं खरं उत्तर त्या दिवशी कुणाकडेच नसतं. त्याऐवजी दोन प्रश्नांची उत्तरं त्याच आठवड्यात मिळवता येतात. यात माझ्यासाठी नेमकं नवं काय आहे? आणि मी चुकतोय की बरोबर चाललोय, हे मला वेळेत कोण सांगणार?

दुसऱ्या प्रश्नाला मी इतकं महत्त्व का देतो? स्कॉट डीरू आणि नेड वेलमन या संशोधकांनी २००९ मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'मध्ये एक अभ्यास मांडला. काम जितकं आव्हानात्मक तितकं माणूस जास्त शिकतो का, हे त्यांनी तपासलं. त्यांना दिसलं की आव्हान वाढतं तसं सुरुवातीला शिकणंही वाढतं, पण एका मर्यादेनंतर प्रत्येक वाढीव अवघडपणामागे मिळणारा फायदा घटत जातो. मात्र ज्यांना कामाबद्दल अभिप्राय सहज मिळत होता, त्यांच्या बाबतीत ही घट भरून निघत होती. म्हणजे अवघड कामातून किती शिकायला मिळेल हे कामाच्या अवघडपणावर जेवढं ठरतं, तेवढंच आजूबाजूच्या सोयीवर ठरतं. आणि ही सोय काम सुरू होण्याआधी लावता येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धाग्याने जातात. उदाहरण बिलांच्या प्रणालीचंच ठेवतो. त्यातले आकडे समजावण्यापुरते आहेत.

पहिली पायरी: नवं काय ते कागदावर वेगळं काढा

एक कागद घ्या आणि कामाचे तुकडे लिहा. "प्रकल्प सांभाळणे" असा मोघम शब्द नको. प्रत्यक्ष हातून काय घडणार ते लिहा. आपल्या उदाहरणात यादी साधारण अशी होईल: बिल कसं फिरतं ते समजणं, पुरवठादारांची यादी साफ करणं, नवी प्रणाली चाचणीसाठी चालवून बघणं, गोदामातल्या आणि खरेदीतल्या लोकांकडून कामं करवून घेणं, वेळापत्रक बांधणं, लोकांना शिकवणं, दर पंधरा दिवसांनी वरिष्ठांसमोर परिस्थिती मांडणं.

आता प्रत्येक तुकड्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: केलंय, पाहिलंय, कधीच नाही. बिलाचा प्रवास: केलंय. यादी साफ करणं: केलंय, पण छोट्या प्रमाणावर. शिकवणं: नवीन सहकाऱ्यांना शिकवलंय, म्हणजे अर्धं केलंय. चाचणी: पाहिलंय. वेळापत्रक: पाहिलंय. वरिष्ठांसमोर मांडणी: कधीच नाही. आपल्या हाताखाली नसलेल्या माणसांकडून काम करवून घेणं: कधीच नाही.

हा कागद समोर आला की भीतीचं रूप बदलतं. सगळं अंगावर आल्यासारखं वाटत होतं, आणि पूर्णपणे नवे तुकडे निघाले दोन. माझा ठोकताळा असा: "कधीच नाही" या रकान्यात एक किंवा दोन गोष्टी असतील, तर काम ताण देणारं पण शिकवणारं आहे. चार-पाच असतील, तर एखाद-दुसरा तुकडा दुसऱ्या कुणाकडे द्यायचा किंवा मुदत वाढवून घ्यायची, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

उलट बाजूही बघा. रकाना पूर्ण रिकामा असेल, तर हे तुमचंच जुनं काम जास्त प्रमाणात दिलं जातंय. ते घ्यायला हरकत नाही, पण त्यातून नवं शिकायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

आणखी एक तुकडा लोक हमखास विसरतात. आपल्या उदाहरणात तीन विभागांपैकी दोन तुमच्या मॅडमच्या अखत्यारीत नाहीत. गोदामाच्या सुपरवायझरने "आज वेळ नाही" म्हटलं, तर तुमच्या हातात काय आहे? विनंतीशिवाय काहीच नाही. अधिकार नसताना जबाबदारी घेणं हा अशा कामांतला सगळ्यांत कठीण भाग असतो. तो हुशारीने सुटत नाही, वरून मिळालेल्या पाठबळाने सुटतो. म्हणून तो पुढच्या बोलण्यात यायलाच हवा.

दुसरी पायरी: होकार देण्याआधीचं बोलणं

लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. "मला हे काम करायला आवडेल. उद्या दुपारपर्यंत विचार करून काही प्रश्न घेऊन येतो, चालेल का?" एवढं पुरतं. हे ऐकून कुणी समजदार वरिष्ठ नाराज होत नाही. तयारीने काम घेणारा माणूस त्यांनाही हवाच असतो.

दुसऱ्या दिवशीच्या बोलण्यात चार गोष्टी मिळवायच्या आहेत.

पहिली, वेळ. इथे तासांत बोलायचं. आठवड्याचे ४० तास तुमचे आजच भरलेले आहेत. नव्या कामाला आठवड्याला १५ तास लागतील असा अंदाज असेल, तर ते १५ तास कुठून येणार? यादी घेऊनच जा: पुरवठादारांचे फोन आणि ईमेल ७ तास, खात्यांचा ताळमेळ ५ तास, साप्ताहिक अहवाल ३ तास. "ही तीन कामं चार महिन्यांसाठी कुणाकडे देता येतील?" असं विचारा. "जमवून घ्या हळूहळू" असं उत्तर आलं, तर समजा की नवं काम संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी होणार आहे. अशी कामं बहुतेक वेळा पहिल्या महिन्याअखेर रखडतात, कारण जुन्या कामाच्या तक्रारी रोज येतात आणि नव्या कामाची तक्रार करणारं अजून कुणी नसतं. सगळे १५ तास सुटणार नसतील, तर निदान १० सुटू देत आणि कामाची व्याप्ती त्या प्रमाणात कमी करा.

दुसरी, मुदत. चार महिने का? जुन्या प्रणालीचा करार तेव्हा संपतोय, की कुणीतरी बैठकीत सहज म्हटलेला आकडा आहे? पहिल्या प्रकारची मुदत हलत नाही, तिथे व्याप्ती हलवावी लागते. दुसऱ्या प्रकारची मुदत हलते, पण लवकर विचारलं तरच.

तिसरी, अधिकार. "गोदाम आणि खरेदी विभागाच्या प्रमुखांना तुम्ही स्वतः सांगाल का, की हे काम माझ्याकडे आहे आणि त्यांच्या माणसांचा आठवड्याला किती वेळ लागेल?" हे वाक्य थोडं धीट वाटेल, तरी म्हणा. मॅडमनी पाठवलेल्या चार ओळींच्या ईमेलमुळे जे काम होतं, ते तुमच्या वीस विनंत्यांनी होत नाही.

चौथी, पुरेसं म्हणजे किती. चार महिन्यांनी काय दिसलं तर काम झालं असं म्हणायचं? "प्रणाली सुरू झाली" हे उत्तर अपुरं आहे. "तिन्ही विभागांतली नवी बिलं नव्या प्रणालीतून जातात, जुनी अर्धवट बिलं जुन्या पद्धतीने संपवली तरी चालेल" हे उत्तर उपयोगी आहे, कारण त्यात काय सोडायचं तेही ठरलेलं आहे. याच बोलण्यात विचारून ठेवा की मधेच झेपत नाही असं दिसलं तर काय करायचं. सुरुवातीला विचारलं की हा नियोजनाचा प्रश्न असतो. तिसऱ्या महिन्यात विचारलं की तीच माघार वाटते.

बोलणं झालं की त्याच दिवशी ठरलेलं लिहून पाठवा. आठ-दहा ओळी पुरे. हा अविश्वास नाही. दोन महिन्यांनी दोघांच्याही आठवणी बदललेल्या असतात, एवढंच.

तिसरी पायरी: आधार तीन प्रकारचा लागतो, आणि तो बहुधा तीन माणसांकडून मिळतो

"काही लागलं तर सांग" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. ते मनापासूनच म्हणतात, पण नेमकं काय मागायचं हे तुम्ही ठरवलेलं नसेल तर त्या शब्दांचं पुढे काही होत नाही.

एक माणूस वाट मोकळी करणारा लागतो. आपल्या उदाहरणात त्या मॅडम. त्यांच्याकडे दर आठवड्याला २० मिनिटं मागून घ्या, ठरलेल्या वारी. त्या वेळेत अडलेली कामं सांगायची आणि त्यांच्याकडून निर्णय घ्यायचे.

दुसरा माणूस हे काम आधी केलेला. कंपनीत कुणीतरी पूर्वी एखादी प्रणाली आणली असेल, मग ती पगाराची असो वा हजेरीची. विषय वेगळा असला तरी चालेल, कारण तुम्हाला बिलं शिकायची नाहीत, प्रकल्प कसा चालतो ते शिकायचं आहे. त्यांना "मार्गदर्शन करा" असं म्हणू नका. "तुमच्या वेळी सगळ्यांत जास्त वेळ कशात गेला? सुरुवातीला कशाचा अंदाज चुकला?" असं विचारा. एका तासाच्या अशा गप्पांमधून मिळतं ते कुठल्याही प्रशिक्षणात सहज मिळत नाही.

तिसऱ्या माणसाचा विचार सहसा कुणी करत नाही: तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना बघणारा आणि नंतर खरं सांगणारा. मॅडम बैठकीत दर वेळी नसतील. जुना अनुभवी माणूस तर नसेलच. म्हणून बैठकीत बसणाऱ्यांपैकीच एकाला आधी गाठा. गोदामातला सुपरवायझर यासाठी फार चांगला, कारण तुमच्या बोलण्याचा परिणाम ज्यांच्यावर व्हायचा त्यांच्यात तो बसलेला असतो.

इथे विचारण्याच्या पद्धतीवर सगळं अवलंबून आहे. बैठकीनंतर "कसं झालं?" विचारलं तर "छान झालं" हेच उत्तर येतं, कारण समोरच्याला तुम्हाला दुखवायचं नसतं. प्रश्न बैठकीच्या आधी द्यायचा, आणि एकच द्यायचा: "आज मी नवीन पद्धत समजावणार आहे. लोकांचं लक्ष कुठे सुटलं, तेवढं बघाल का?" आता त्यांच्याकडे बघायला काहीतरी आहे. नंतर ते सांगतील, "पावती नोंदवायचं सांगत होता तेव्हा आमची दोन माणसं एकमेकांकडे बघत होती. त्यांच्याकडे संगणकच नाही." हा अभिप्राय तुमच्या बोलण्यावर कमी आणि नियोजनावर जास्त आहे, आणि तो तिसऱ्या आठवड्यात मिळाला तर त्याचं मोल फार मोठं आहे. उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देऊ नका. लिहून घ्या, आणि पुढच्या वेळी त्यातली एक गोष्ट बदललेली त्यांना दिसू द्या. बदल दिसला की माणसं पुन्हा खरं सांगतात. दिसला नाही, तर तिसऱ्या वेळेपासून "छान झालं" सुरू होतं.

चौथी पायरी: टप्पे लहान, आणि प्रत्येक टप्पा काहीतरी तपासणारा

या पायरीवर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण नवख्यांची वेळापत्रकं इथेच फसतात.

साधारण वेळापत्रक असं दिसतं: पहिला महिना अभ्यास, दुसरा महिना यादी साफ करणं, तिसरा चाचणी, चौथ्यात सुरुवात. दिसायला नीटनेटकं. पण यात पहिलं अपयश कळणार कधी? तिसऱ्या महिन्यात, जेव्हा वेळ उरलेला नसतो.

कार्ल वाइक या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये छोट्या यशांबद्दल एक गोष्ट मांडली. प्रश्न फार मोठा करून मांडला की माणसाची घालमेल वाढते आणि विचार आखडतो. म्हणून काम अशा तुकड्यांत करावं की प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण असेल आणि हाती काहीतरी ठोस देईल. "तीस टक्के काम झालं" हा त्या अर्थाने टप्पा होत नाही. "वीस पुरवठादारांच्या नोंदी पूर्ण तपासून झाल्या" हा टप्पा आहे. तो झाला की नाही यावर वाद होत नाही. माझी भर एवढीच, की प्रत्येक लहान टप्प्याने तुमची एखादी समजूत खरी की खोटी तेही सांगितलं पाहिजे.

आपल्या उदाहरणातले पहिले तीन टप्पे करून बघू.

पहिला टप्पा, दुसऱ्या आठवड्याअखेर: आज बिल कसं फिरतं ते एका पानावर काढायचं आणि तिन्ही विभागांतल्या पाच माणसांना दाखवून दुरुस्त करून घ्यायचं. यातून समजूत तपासली जाते ती अशी, की मला हा प्रवास ठाऊक आहे आणि ही माणसं मला वेळ देतील. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाचपैकी दोघांनी दोन आठवड्यांत अर्धा तासही दिला नाही, तर पुढे चाचणीला ते बसणार नाहीत हे आजच कळलं. ही गोष्ट त्याच आठवड्याच्या २० मिनिटांत मॅडमसमोर ठेवायची.

दुसरा टप्पा, तिसऱ्या आठवड्याअखेर: पुरवठादारांच्या यादीतल्या फक्त २० नोंदी साफ करायच्या. एकाच पुरवठादाराची दोन नावांनी नोंद, बदललेलं बँक खातं, जुना पत्ता असं सगळं निस्तरून. आणि घड्याळ लावायचं. समजा २० नोंदींना ५ तास लागले, म्हणजे एका नोंदीला १५ मिनिटं. यादीत १२०० पुरवठादार आहेत. गुणाकार केला तर ३०० तास होतात. वेळापत्रकात या कामाला एक महिना दिलेला, आणि तुमचे आठवड्याला १५ तास. गणित बसतच नाही.

हे तिसऱ्याच आठवड्यात कळलं, हे त्या टप्प्याचं यश आहे. आता पर्याय शोधता येतात. गेल्या दीड वर्षात एकदाही पैसे न दिलेले पुरवठादार वगळले तर ४१० उरतात. त्यांना साधारण १०३ तास लागतील. खरेदीतला एक जण आणि तुम्ही प्रत्येकी आठवड्याला ६ तास दिले, तर जवळपास नऊ आठवडे. चौथ्या आठवड्यात सुरू केलं तर बाराव्यात संपतं. जमण्यासारखं आहे, पण फार मोकळीक नाही, आणि हे वरिष्ठांना आत्ताच सांगता येतं.

आपले अंदाज नेहमी कमीच पडतात, याला नाव आहे: प्लॅनिंग फॅलसी. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नियोजनातल्या या दोषाकडे लक्ष वेधलं. आपण आपल्याच योजनेच्या आत बसून अंदाज करतो. तशीच कामं इतरांना किती वेळ घेऊन गेली हे बघत नाही. नवख्या कामात तर आपल्याकडे जुना अनुभवही नसतो. म्हणून नवं काम घेणाऱ्याने डोक्यातून अंदाज काढूच नये. छोटा नमुना करून बघावा, आणि आधीच्या पायरीतल्या अनुभवी माणसाला त्यांचा आकडा विचारावा. दोन्ही आकडे वेगळे आले तर मोठा धरावा.

तिसरा टप्पा, पाचव्या आठवड्याअखेर: गेल्या महिन्यातली १० खरी बिलं नव्या प्रणालीच्या चाचणी आवृत्तीतून, गोदामातला माणूस शेजारी बसवून, शेवटपर्यंत न्यायची. सोपी दहा निवडू नका. ज्या बिलांना त्रास झाला होता तीच घ्या. उदाहरणार्थ, १०० खोक्यांची मागणी होती, ६० आली, आणि पुरवठादाराने बिल १०० चं पाठवलं. जुन्या पद्धतीत गोदामातला माणूस बिलावर पेनाने "६० मिळाली" लिहायचा आणि तुम्ही तेवढेच पैसे सोडायचा. नवी प्रणाली खरेदी आदेश, माल पोचल्याची नोंद आणि बिल अशी तिन्ही जुळवून बघते. आकडे जुळले नाहीत की बिल थांबतं. मग ते कुणाच्या स्क्रीनवर जातं? कोण सोडवतं? उत्तर कुणाकडेच नसेल, तर ते शोधणं हा पुढच्या दोन आठवड्यांचा टप्पा.

यापुढचे टप्पे आत्ताच तपशिलात लिहू नका. पाचव्या आठवड्यानंतर काय करायचं हे या तीन टप्प्यांतून कळणार आहे. ढोबळ चौकट पुरे: एकाच प्रकारच्या खरेदीवर प्रत्यक्ष वापर, मग एक विभाग, मग तिन्ही. आणि प्रत्यक्ष सुरुवात महिनाअखेरीस ठेवू नका. लेखा विभागात त्या दिवसांत कुणाला मान वर करायला वेळ नसतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

याच सुमारास एक तासाची बैठक घ्या. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. सगळ्यांना सांगायचं: "चार महिने झाले आहेत आणि हे काम पूर्ण फसलं आहे, असं धरा. का फसलं ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहा." मग एकेकाने एकेक कारण वाचायचं. "काही अडचण येईल का?" असं विचारलं की माणसं गप्प बसतात, कारण शंका काढणारा नकारात्मक ठरतो. फसलंच आहे असं धरलं की कारणं देणं हेच काम होतं. गोदामातला माणूस तेव्हा सांगतो की चौदाव्या आठवड्यात वार्षिक मालमोजणी आहे आणि त्या आठवड्यात त्यांच्याकडून काहीच होणार नाही. कारणं खूप जमतील. त्यातली तीन निवडा आणि प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव लिहा.

पाचवी पायरी: खरं काय अपेक्षायचं

काही आठवडे तुम्ही आजच्यापेक्षा कमी कुशल वाटाल, स्वतःला आणि इतरांनाही. सहा वर्षं ज्या माणसाकडे सगळे उत्तर विचारायला येत होते, तो आता "बघून सांगतो" म्हणणार. हे आधी कळलेलं असेल तर त्याचा अर्थ "मी या कामाचा नाही" असा लावला जात नाही. जुन्या कामातही थोडी घसरण होईल. बिलं उशिरा निघतील, एखादी चूक सुटेल. मॅडमना हे आधी सांगा आणि कुठली घसरण चालेल, कुठली अजिबात चालणार नाही, हे ठरवून घ्या. चुकीच्या खात्यात पैसे जाणं चालणार नाही. अहवाल दोन दिवस उशिरा जाणं चालेल.

चार महिन्यांनी तुम्ही प्रकल्प व्यवस्थापक होणार नाही. एक काम, बऱ्याच मदतीने, शेवटास नेलेलं असेल. त्यातून बढती मिळेलच असंही नाही. बढतीचा उल्लेख कुणी केला नसेल तर ती गृहीत धरू नका, हवी असेल तर होकाराच्या बोलण्यातच विचारा, "हे नीट झालं तर पुढे माझ्यासाठी काय शक्यता आहेत?" उत्तर अस्पष्ट आलं, तर तेवढंच मिळणार आहे असं समजून निर्णय घ्या.

आता शिकताना होणारा त्रास आणि बुडत असल्याचा त्रास यांतला फरक. आतून दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून भावनेवर विसंबू नका, चुका बघा. दर आठवड्याला झालेल्या चुका लिहा. चुका नव्या असतील, म्हणजे गेल्या आठवड्यात बैठकीची वेळ चुकली आणि या आठवड्यात अंदाज चुकला, तर तुम्ही पुढे सरकताय. तीच चूक तिसऱ्यांदा होत असेल, तर तुम्हाला वेळ किंवा माहिती कमी पडतेय. दुसरी खूण: सकाळी आल्यावर आधी जुनं काम हातात घेताय का? जुन्या कामात सुरक्षित वाटतं, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. असं सलग आठवडाभर झालं, तर नव्या कामात पुढचं पाऊल कुठलं हेच तुम्हाला दिसत नाहीये. ते पाऊल अर्ध्या दिवसात संपेल एवढं लहान करा, नाहीतर अनुभवी माणसाला फोन करा. तिसरी खूण सगळ्यांत गंभीर: परिस्थिती सांगताना तुम्ही गुळगुळीत बोलायला लागलात, टप्पा चुकला हे न सांगता "काम सुरू आहे" म्हणायला लागलात. त्या दिवशीच मॅडमकडे जा.

जाताना रडगाणं नको आणि शौर्यही नको. काय ठरलं होतं, काय झालं, काय मागायचं, एवढंच: "पाचव्या आठवड्याअखेर १०० नोंदी व्हायच्या होत्या, ४५ झाल्या. खरेदीतल्या सहकाऱ्याला ठरलेले ६ तास मिळत नाहीयेत. माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. त्यांचा वेळ सुटावा, किंवा पहिल्या फेरीत फक्त १५० मोठे पुरवठादार घ्यावेत. मला दुसरा बरा वाटतो, कारण बहुतेक बिलं त्यांचीच असतात." परत करण्यासारख्या गोष्टी तीनच असतात: व्याप्ती, मुदत आणि एखादा कामाचा तुकडा. यांतलं काहीतरी वेळेत परत करणं हे काम सोडणं नव्हे.

मात्र मागून काहीच मिळालं नाही, वेळ सुटला नाही, वरून कुणी बोललं नाही आणि मुदतही हलली नाही, तर काम परत देण्याबद्दल बोला. लिहून ठेवलेल्या त्या आठ-दहा ओळी इथे उपयोगी पडतात, कारण बोलणं तुमच्या क्षमतेवर न जाता ठरलेल्या अटींवर राहतं.

काम संपल्यावरच्या आठवड्यात

पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढा. त्याच तुकड्यांपुढे आता नवे तीन शब्द: एकट्याने जमेल, मदतीने जमेल, अजून नाही. वरिष्ठांसमोर मांडणी कदाचित "मदतीने" वर आली असेल. दुसऱ्या विभागाकडून काम करवून घेणं खरेदीच्या बाबतीत "एकट्याने" आणि गोदामाच्या बाबतीत "अजून नाही" असं निघू शकेल. तसंच लिहा, गोळाबेरीज करू नका.

तोच कागद तुमच्या तिसऱ्या माणसाला, म्हणजे सुपरवायझरला दाखवा आणि कुठे सहमत नाही ते विचारा. मग मॅडमकडे अर्धा तास मागून दोन गोष्टी ठरवून घ्या. चार महिन्यांसाठी दिलेली फोन, ताळमेळ आणि अहवाल ही कामं परत येणार की तिकडेच राहणार. आणि "मदतीने जमेल" या रकान्यातला एक तुकडा ज्यात पुन्हा करायला मिळेल, असं पुढचं छोटं काम कोणतं.